15 सेकंद आणि एक इंच माया

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका टेलरिंगच्या दुकानाची मागणी एका वाक्यात होती: "पंधरा सेकंदांचा बंपर करून द्या, लोकांच्या तोंडी बसेल अशी एक ओळ हवी." दुकान छोटं आहे. तीन मशिनी, एक कटिंगचं टेबल, मास्तर आणि दोन कारागीर. कामं ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, पिको-फॉल आणि उसवून सैल-घट्ट करणं अशी. त्या 15 सेकंदांची संहिता कशी बनली, काय काय फेकावं लागलं आणि का, ते इथे लिहिलं आहे. दुकानाचं नाव गाळलं आहे. ते बोलताना दोन ठोक्यांचं आहे एवढंच ध्यानात असू द्या, कारण पुढे हिशोबात ते लागणार आहे.

सगळ्यात आधी 'बंपर' या शब्दाचा घोळ निस्तरावा लागला. स्थानिक केबलवाले आणि जाहिरातीचे दलाल कुठल्याही छोट्या जाहिरातीला बंपर म्हणतात. यूट्यूबवर मात्र बंपर म्हणजे जास्तीत जास्त 6 सेकंदांची, वगळता न येणारी जाहिरात. 2016 पासून हा प्रकार याच नावाने चालतो. 15 सेकंदांची फाईल तिथे बंपर म्हणून चढतच नाही. ती चढते वगळता न येणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, जो मूळ व्हिडिओच्या आधी, मध्ये किंवा शेवटी लागतो. दोन्हींचे पैसे हजार वेळा दिसण्याच्या हिशोबाने जातात, कुणी बोट लावलं की नाही यावर नाही. हे आधी कळलं नाही तर 15 सेकंदांचं शूटिंग होऊन जातं आणि मग कुणीतरी एडिटरला सांगतं, "यातले सहा सेकंद काढून दे." तेव्हा ओळ अर्धी तुटते किंवा दुकानाचं नाव उडतं.

म्हणून संहिता लिहायला बसतानाच ठरवलं की मुख्य चीज 15 सेकंदांची, पण तिच्यातूनच 6 सेकंदांची दुसरी निघाली पाहिजे आणि तिला नवं शूटिंग लागता कामा नये. या एका अटीने पुढचे अर्धे वाद मिटले. ओळ आठ-दहा ठोक्यांत मावली पाहिजे, आणि तिच्या आधीचा प्रसंग दोन शॉटमध्ये कळला पाहिजे.

आता ठोके म्हणजे काय ते सांगायला हवं. जाहिरात लिहिणारे बरेच जण शब्द मोजतात. मराठीत शब्द मोजून फसगत होते, कारण 'चवथीचा', म्हणजे गणेशचतुर्थीचा, हाही एक शब्द आणि 'की' हाही एकच. लिहिलेली अक्षरं मोजूनही जमत नाही. 'ठेवतो' लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना 'ठेव-तो' असे दोनच ठोके पडतात. 'ठेवली आहे' म्हटलं तर चार ठोके, 'ठेवलीय' म्हटलं तर दोन. म्हणून मोठ्याने म्हणत टेबलावर बोट आपटून मोजायचं. साध्या बोलण्यात सेकंदाला पाच ठोके आरामात बसतात. लक्षात राहावी अशी ओळ मात्र चारच्या वेगाने म्हणावी लागते, नाहीतर ती कानावरून घसरते. या हिशोबाने 15 सेकंदांत 75 ठोके मावतील असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात चाळीसच्या वर गेलात की जाहिरात धापा टाकू लागते. उरलेला वेळ चित्राला, आवाजाला आणि दोन वाक्यांमधल्या श्वासाला लागतो.

पहिला खर्डा दुकानदाराच्या मागण्या ऐकून केला होता आणि तो असा होता: "ब्लाऊज असो वा पंजाबी ड्रेस, शाळेचा युनिफॉर्म असो वा पिको-फॉल, सर्व प्रकारची शिलाई योग्य दरात व वेळेवर करून मिळेल. चवथीनिमित्त खास ऑर्डर स्वीकारल्या जातील. विश्वासाचं एकच नाव…" आणि मग नाव, पत्ता, फोन. आकडे एकेक करून वाचलेला फोन नंबरच दहा-पंधरा ठोके आणि मधले थांबे खातो, म्हणजे जवळपास चार सेकंद. तरीही तो कुणाच्या लक्षात राहत नाही. घड्याळ लावून वाचलं तर अख्खा खर्डा 23 सेकंदांना संपला. तो भरभर वाचून 15 मध्ये कोंबता येतो, रिक्षावर भोंगा लावून फिरणारे तसंच करतात. पण त्यात ओळ कुठली आणि यादी कुठली ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

यादी सोडायला दुकानदार सहज तयार होत नाही. त्याला वाटतं, पिको-फॉल म्हटलं नाही तर पिको-फॉलवाली बाई येणार नाही. त्यावर एक साधा उपाय चालतो. यादी बोलायची नाही, ती चित्रात ठेवायची. मागे हँगरवर युनिफॉर्म टांगलेला दिसू द्या, टेबलावर फॉलची गुंडाळी दिसू द्या. गल्लीतल्या माणसाला शिंप्याच्या दुकानात काय काय होतं हे ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की बाजारात चार शिंपी असताना याच्याकडे का जायचं.

ओळीचं काम तिथून सुरू झालं. पहिल्या बैठकीत ज्या ओळी निघाल्या त्या कुठल्याही बैठकीत निघतील अशाच होत्या: 'धागा विश्वासाचा', 'आम्ही कपडे नाही, नाती शिवतो', 'फिटिंग अशी की बघत राहाल'. या ओळींना आम्ही एक चाचणी लावतो. टेलरच्या जागी सोनार, मिठाईवाला किंवा पतसंस्था घालायची. 'धागा विश्वासाचा' पतसंस्थेला मजेत चालतो. 'नाती शिवतो' म्हणायला कुणी जात नाही, पण 'नाती जपतो', 'नाती जोडतो' अशी तिची भावंडं प्रत्येक फलकावर बसलेली आहेत. 'फिटिंग' ही तिघांपैकी एकच ओळ शिंप्याची, पण ती चारही शिंप्यांना लागू पडते. तिन्ही कागदावरून खोडल्या.

मग बैठक सोडून दुकानाच्या बाकावर बसलो आणि गिऱ्हाइकं आणि मास्तर एकमेकांशी काय बोलतात ते नुसतं लिहून घेतलं. अर्ध्या दिवसात एक शब्द वारंवार आला. बाया सांगत होत्या, "मास्तर, आत माया ठेवा हां." मास्तर कारागिराला सांगत होते, "बाहीला माया ठेव, पोर वाढतीय." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड मुद्दाम सोडतात, त्याला मराठीत शिवणकाम करणारे माया म्हणतात. तरुण मुली 'मार्जिन' म्हणतात, पण त्यांच्या आया माया म्हणतात. आणि गोव्यात घरात कोंकणी बोलणाऱ्यांच्या कानालाही मायामोगातली, म्हणजे प्रेमातली, माया ओळखीचीच आहे.

या शब्दावर जाहिरात उभी करायची तर त्यामागचं काम नीट समजून घ्यायला हवं, म्हणून मास्तरांकडून एक ब्लाऊज उलटा करून घेतला. बाहीच्या काठापासून निघालेली शिवण काखेतून वळून थेट कमरेपर्यंत एका ओळीत जाते. या शिवणीच्या आत दोन्ही पदरांना एकेक इंच कापड सोडलेलं असतं. घट्ट झालं की जुनी टीप उसवायची आणि अर्धा इंच बाहेर सरकून नवी मारायची. पदर दोन असल्याने अर्ध्या इंचाचा एक इंच होतो, म्हणजे बाही घेराला एक इंच सैल होते. छातीला अशा शिवणी दोन, म्हणून तिथे दोन इंच मिळतात. एक इंच मायेतला सगळा इंच मात्र वापरता येत नाही. टिपेच्या पलीकडे निदान पाव इंच उरायला हवा, सुटणारं कापड असेल तर अर्धा, नाहीतर शिवण उसवते. काखेच्या वळणावर ताण येऊ नये म्हणून कात्रीने छोटे कट मारतात. ते कट जुन्या टिपेला अगदी भिडलेले असले, तर तिथे सरकायला जागाच राहत नाही, बाकीची माया असून उपयोग नाही. मास्तर म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं आहे: "माया ठेवणं सोपं आहे हो, काखेत ती राखणं कठीण."

जाहिरातीला यातला तपशील लागणार नव्हता, पण यातून दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे माया डोळ्यांना दाखवता येते. ब्लाऊज उलटा केला की ती दिसते, बोट ठेवता येतं. दुसरी म्हणजे तिला क्रियापद 'ठेवणे' हेच लागतं.

ही दुसरी गोष्ट ओळ घडवताना निर्णायक ठरली. सगळ्यांना आधी आवडलेली ओळ होती 'माप तुमचं, माया आमची'. कानाला गोड आहे, फलकावर शोभते. पण दोनदा म्हणून पाहिली की तिच्यातलं कापड हरवतं. माया आमची म्हटलं की नुसती ममता उरते, आणि 'अमुक तुमचं, तमुक आमचं' हा साचा इतका वापरून झाला आहे की कान पुढचा शब्द ऐकायच्या आधीच मिटतो. मराठीत प्रेमाची माया आपण करतो, लावतो. ठेवतो ती शिवणीतली. म्हणून 'ठेवतो' हे क्रियापद राहिलं, तर आधी कापड डोळ्यासमोर येतं आणि ममता त्याच्या मागून येते. क्रम उलटला तर ओळ भावुक होते आणि दुकान नाहीसं होतं.

त्यावरून 'आम्ही नेहमी आत माया ठेवतो' अशी ओळ झाली. खरी, पण लंगडी. 'आम्ही' आणि 'नेहमी' हे दोन्ही शब्द जाहिरातीत हवा भरतात. ते काढले आणि माप आणलं, कारण माया नुसती ठेवली तर ढगळ शिवतात की काय अशी शंका येते. बाहेरून मापात असणं आणि आत जास्तीचं असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच शिंपी चांगला. ओळ अशी बसली:

मापात शिवतो, माया ठेवतो.

ठोके मोजा: मा-पात, शिव-तो, मा-या, ठेव-तो. दोन, दोन, दोन, दोन. स्वल्पविरामावर अर्ध्या सेकंदाचा थांबा धरला तरी अडीच सेकंदांत होते. दोन्ही भाग म ने सुरू होतात आणि तो ने संपतात, त्यामुळे एक अर्धा आठवला की दुसरा ओढला जातो. पतसंस्थेची चाचणी लावली. पतसंस्था मापात शिवत नाही.

आता प्रसंग. ओळ ऐकायच्या आधी मायेचा कापडातला अर्थ बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर यायला हवा, नाहीतर 'मार्जिन' म्हणणाऱ्या मुलीला ओळीतला अर्धाच अर्थ लागेल. म्हणून शब्द दोनदा आणायचं ठरलं. पहिल्यांदा मास्तरांच्या तोंडी, कापडावर बोट ठेवून, अगदी साधेपणाने. दुसऱ्यांदा ओळीत, निवेदकाच्या आवाजात. पहिल्यांदा तो नुसती माहिती देतो, दुसऱ्यांदा त्याचा दुसरा अर्थ आपोआप उलगडतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

घट्ट ब्लाऊज दाखवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. पहिल्या विचारात हूक लागत नाहीत असं होतं. तसं दाखवायचं तर कॅमेरा बाईच्या छातीवर किंवा उघड्या पाठीवर न्यावा लागतो. शेजारपाजारच्या दुकानाच्या जाहिरातीत ते बरं दिसत नाही, आणि तसा शॉट द्यायला ओळखीतली कुणी तयारही होत नाही. हुकाऐवजी बाही घेतली. बिनबाह्यांच्या कुर्त्यावरून एक बाही चढवून पाहणारी बाई, बाही दंडावर अडलेली. एका नजरेत कळतं, आवाज बंद असला तरी कळतं.

तिचं वाक्य आधी होतं, "मास्तर, चवथ परवावर आली, बाही चढेना!" नाट्य छान होतं. पण मास्तरांनी संहिता ऐकून लगेच हात वर केले. चवथीच्या आधीच्या आठवड्यात दुकान नवीन काम घेतच नाही, घेतलेलं पुरं करता करता रात्र होते. अशा वेळी 'परवावर चवथ असली तरी या, लगेच करून देतो' असं जाहिरातीने सांगितलं, तर दारात पंचवीस बाया उभ्या राहतील आणि प्रत्येकीला नाही म्हणावं लागेल. दुकानाच्या कामाचा हंगाम न विचारता लिहिलेली संहिता अशी उलटते. वाक्य बदलून "गेल्या चवथीचा ब्लाऊज, मास्तर. बाही चढेना." असं केलं. घाई गेली आणि वर्षभरात माणूस थोडा भरतो हा सगळ्यांचा अनुभव आत आला. 'चढत नाही' पेक्षा 'चढेना' मुद्दाम ठेवलं. एक ठोका वाचतो, शिवाय त्यात बाईचा वैताग आहे.

मास्तरांची दुसरी हरकत जास्त वजनदार होती. तयार कपड्यांना आणि कित्येक ठिकाणी शिवलेल्या ब्लाऊजना माया नसतेच, ते घेऊन लोक आले तर? आणि खुद्द त्यांच्याकडेही ब्लाऊजपीस तोकडा असला, म्हणजे 80 सेंटीमीटरमध्ये लांब बाही आणि मोठं माप बसवायचं असलं, की माया अर्ध्या इंचावर येते. यावर ओळ बदलायची गरज पडली नाही, कारण ती 'सैल करून देतो' असं म्हणत नाही. ती म्हणते, आम्ही शिवतो तेव्हा ठेवतो. पण प्रसंगात ते स्पष्ट हवं होतं. म्हणून ब्लाऊज त्याच दुकानात शिवलेला आहे हे दाखवायला गळ्याच्या आत शिवलेला दुकानाचा छोटा लेबल ब्लाऊज उलटताना क्षणभर दिसेल असं ठरलं. तोकड्या कापडाचं मास्तर माप घेतानाच सांगतात, ते जाहिरातीत आणायचं कारण नाही.

शेवटी कागदावर आलं ते असं. डावीकडे सेकंद आहेत.

0 ते 1: दंडावर अडलेली बाही, अगदी जवळून. दोन बोटं ओढतात. फक्त कापडाचा आणि बांगड्यांचा आवाज.
1 ते 4: बाई आणि समोर मास्तर. बाई: "गेल्या चवथीचा ब्लाऊज, मास्तर. बाही चढेना."
4 ते 5: मास्तर टेबलावर ब्लाऊज उलटा करतात. गळ्यातला लेबल दिसतो. शांतता.
5 ते 6.5: जवळून शिवण. मास्तरांचं बोट जास्तीच्या कापडावरून फिरतं. मास्तर: "आत माया ठेवलीय."
6.5 ते 8.5: टीप उसवल्याचा आवाज, लगेच मशीनचा. सुई धावते.
8.5 ते 9.5: बाही सरळ वर चढते. बांगड्या खळकन खाली येतात.
9.5 ते 12: बाई आरशात, मागे मास्तर पुढच्या कामाला लागलेले. निवेदक: "मापात शिवतो, माया ठेवतो."
12 ते 15: दुकानाचा दर्शनी भाग, पडद्यावर नाव, पत्ता, फोन. निवेदक: "अमुक टेलर्स, वरचा बाजार, फोंडा." शेवटचा पाऊण सेकंद फक्त मशीनचा आवाज.

बोललेले ठोके मोजले तर बाईचे 14, मास्तरांचे 5, ओळीचे 8, पत्त्याचे 10, एकूण 37. वेळ साडेआठ-नऊ सेकंद. बाकीचे सहा सेकंद आवाजांना मिळाले, आणि ही जाहिरात ऐकणाऱ्याला घाईची वाटत नाही याचं कारण तेच आहे. फोन नंबर बोलला नाही, फक्त लिहिला. पडद्यावर तो तीन सेकंद स्थिर आहे, तेवढ्यात पडद्याचा फोटो काढता येतो.

मास्तरांचं वाक्य कसं म्हणायचं यावर शूटिंगच्या दिवशी बराच वेळ गेला. पहिल्या दहा-बारा वेळा ते हसून, कॅमेऱ्याकडे बघून, 'माया'वर जोर देऊन म्हटलं जात होतं. जोर दिला की श्लेष तिथेच फुटतो आणि पुढची ओळ शिळी होते. हे वाक्य 'आत मार्जिन आहे' इतक्या कोरडेपणाने यायला हवं. उपाय असा निघाला की मास्तरांना खरोखर एक टीप उसवायला दिली आणि काम करता करता मान वर न करता म्हणायला सांगितलं. हात गुंतले की माणूस आपोआप नेहमीच्या आवाजात बोलतो.

जवळून घ्यायच्या शिवणीच्या शॉटसाठी ब्लाऊज निवडण्यातही एकदा चूक झाली. पहिला घेतला होता तो गडद जांभळा, काळ्या धाग्याने शिवलेला. कॅमेऱ्यात टीपही दिसेना आणि मायाही. नंतर वापरातला, थोडा उडालेला आंबा रंगाचा सुती ब्लाऊज घेतला. त्यात बाहेरचं कापड फिकट आणि आत दडलेलं मायेचं कापड नव्यासारखं गडद. उलटा केला की दोन रंगांची सीमारेषा नेमकी जुन्या टिपेवर दिसते. सांगायचं होतं ते कापडानेच सांगितलं. रेशमी ब्लाऊज टाळला, कारण त्यावर उसवलेल्या टिपेची सुईची भोकं राहतात आणि सैल केलेली बाही जवळून घेतली की ती रांग डोळ्यात भरते. खऱ्या कामातही मास्तर रेशमाबद्दल गिऱ्हाइकाला हे आधीच सांगतात.

दुकानात ट्यूबलाईट आहेत. मोबाईल आपल्या नेहमीच्या 30 फ्रेमवर ठेवला, की आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की ते जातात. एडिटिंगलाही 25 सोयीचं पडतं: 15 सेकंद म्हणजे 375 फ्रेम, 6 सेकंद म्हणजे 150. दोन्ही फाईलींची लांबी पूर्ण आकड्यांत बसते.

आवाजाचं काम मात्र दुकानात पुरं होत नाही. मशीन चालू असताना घेतलेलं बोलणं वापरता येत नाही, आणि जुलैत वर पत्रे असले तर पावसाने सगळं बुडतं. संवाद मशिनी बंद करून, पाऊस थांबलेला असताना घेतले. मशीन, उसवणं आणि बांगड्या हे तिन्ही आवाज नंतर वेगळे, मोबाईल एक वीत अंतरावर धरून घेतले. संगीत लावलंच नाही. सिनेमातलं गाणं हक्काशिवाय लावता येत नाही, आणि फुकट मिळणारं बासरी-सतार छापाचं संगीत लावलं की सगळ्या जाहिराती एकाच लग्नातल्या वाटतात. पायमशीनचा खडखडाट याहून कितीतरी बरा.

6 सेकंदांचं कापताना आधीच्या अटीचा फायदा झाला. अडलेली बाही 0.8 सेकंद, उलट्या शिवणीवर बोट आणि "आत माया ठेवलीय" 1.5 सेकंद, बाही चढते 0.5 सेकंद, ओळ 2.2 सेकंद, नाव 1 सेकंद. बाईचं वाक्य गेलं, पत्ता फक्त लिहिलेला राहिला. ठोके 17. ओळीतला स्वल्पविरामाचा थांबा थोडा आखडला, पण तो पुरता काढला नाही. काढून पाहिला होता. 'शिवतो' आणि 'माया' चिकटले आणि ओळ एका श्वासात निघून गेली. पडद्यावरची अक्षरं दोन्ही फाईलींत वरच्या दोन तृतीयांश भागात ठेवली, कारण खालच्या पट्टीवर यूट्यूब आपली बटणं आणि 'जाहिरात' हा शब्द बसवतं.

राहिलं प्रसारण. गल्लीतल्या दुकानाच्या जाहिरातीचे पैसे गोव्यात एका ठराविक जागी वाया जातात. Google Ads मध्ये ठिकाण निवडताना दुकानाभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं, आणि बहुतेक जण ते काढून थांबतात. त्याच्या खाली एक पर्याय आधीपासून निवडलेला असतो, `Presence or interest`. त्याचा अर्थ असा की त्या भागात असलेले आणि त्या भागात नुसता रस दाखवलेले, दोघांनाही जाहिरात दिसणार. गोव्यात रस दाखवणारे म्हणजे पुण्या-मुंबईत, दिल्लीत बसून सुट्टीचे बेत करणारे. त्यांना फोंड्यात ब्लाऊज शिवायचा नसतो. तिथे `Presence` निवडावं लागतं. वर्तुळ फोंडा शहर आणि बांदोडा, कुर्टी, म्हार्दोळ येईल एवढंच ठेवलं. माप द्यायला एकदा आणि कपडा न्यायला एकदा असं दोनदा यावं लागतं, त्यामुळे त्यापलीकडून कुणी सहसा येत नाही.

तारखांचं ठरवणं मास्तरांवर सोपवलं. चवथीच्या आधी साधारण पाच आठवडे 15 सेकंदांची सुरू करायची, दोन आठवड्यांनी तिच्या जोडीला 6 सेकंदांची. आणि ज्या दिवशी दुकानाच्या काचेवर 'चवथीच्या ऑर्डरी बंद' ही पाटी लागेल, त्या सकाळी पाटी लावायच्या आधी दोन्ही जाहिराती थांबवायच्या. थांबवायचं बटण कुठे आहे ते मास्तरांच्या धाकट्या कारागिराला दाखवून ठेवलं आहे. पाटी लावण्याचं कामही त्याच्याकडेच असतं.